क्षयरोग नियंत्रण : ‘बरे झालेल्यां’ची टक्केवारी आणि तिचा छेद

क्षयरोग नियंत्रणाच्या अहवालांत दोन आकडे वर्षानुवर्षे ठळकपणे छापले गेले. अंदाजित रुग्णांपैकी किती शोधले, हा पहिला. आणि शोधलेल्यांपैकी किती बरे झाले, हा दुसरा. जागतिक आरोग्य सभेने १९९१ मध्ये या दोहोंसाठी उद्दिष्टे ठरवून दिली होती. थुंकीत क्षयजंतू आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी ७० टक्के शोधावेत आणि त्यांपैकी ८५ टक्के बरे करावेत, अशी ती उद्दिष्टे होती. वरवर पाहता हे आकडे सोपे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ अंशापेक्षा छेदावर अवलंबून असतो. टक्केवारी काढताना कोणाला मोजले आणि कोणाला वगळले, हे कळल्याखेरीज ८५ टक्के हा आकडा चांगला की वाईट, हे सांगता येत नाही.

दहावीच्या निकालाचे उदाहरण येथे समर्पक ठरते. कच्च्या विद्यार्थ्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसवणाऱ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागू शकतो. त्यामुळे ती मुले उत्तीर्ण झाली, असे होत नाही. क्षयरोग कार्यक्रमात अशी पळवाट राहू नये, यासाठीच ‘कोहॉर्ट’ पद्धत स्वीकारण्यात आली.

मद्रासचा प्रयोग आणि देखरेख

औषधे उपलब्ध होण्यापूर्वी क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवणे, हाच उपाय मानला जात असे. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने या समजुतीची परीक्षा घेतली. काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून एक वर्ष तीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, घरी राहून औषधे घेणारे रुग्णही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना होणारा धोकाही वाढला नाही. आरोग्यधामांचे युग येथून मावळू लागले.

या निष्कर्षाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची होती. रुग्ण घरी असला की तो गोळ्या घेतो की नाही, हे कोणी पाहत नाही. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच खोकला व ताप कमी होतो, भूक लागते, वजन वाढू लागते आणि आपण बरे झालो असे रुग्णाला वाटते. शरीरात मात्र सुप्तावस्थेतील जंतू शिल्लक असतात. त्यांच्यासाठीच उपचार सहा महिने चालवावे लागतात. मध्येच औषध सोडले तर आजार उलटतो, आणि औषधे अनियमितपणे घेतली तर त्यांना दाद न देणारे जंतू वाढण्याचा धोका असतो.

भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. त्यात रुग्णांना महिन्याभराच्या गोळ्या घरी दिल्या जात. १९९२ मध्ये या कार्यक्रमाचा आढावा घेण्यात आला, तेव्हा निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करत असल्याचे दिसून आले. त्यानंतर १९९३ पासून प्रायोगिक तत्त्वावर आणि १९९७ पासून व्यापक प्रमाणावर सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम राबवण्यात आला. मार्च २००६ पर्यंत तो संपूर्ण देशात पोहोचला. ‘डॉट्स’ या नावाने तो सर्वांना परिचित आहे.

डॉट्स म्हणजे कार्यकर्त्यासमोर गोळी गिळणे, एवढाच अर्थ सर्वसामान्यांत रूढ झाला. वास्तविक तो पाच घटकांपैकी केवळ एक घटक होता. शासनाची बांधिलकी, सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीची तपासणी, देखरेखीखाली अल्प मुदतीचा उपचार, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाच्या निष्पत्तीची नोंद, असे ते पाच घटक होते. केवळ देखरेखीने किती फरक पडतो, याविषयी दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान व थायलंड येथील चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. थायलंडमध्ये लाभ दिसला. उर्वरित दोन देशांत तो दिसला नाही. पाचव्या घटकाविषयी मात्र असा वाद नव्हता, कारण निष्पत्ती नोंदवल्याशिवाय इतर चार घटकांचे मोल कळण्याचा मार्गच नव्हता.

‘तुकडी’ म्हणजे काय?

निष्पत्ती नोंदवण्याची ही पद्धत कारेल स्टिब्लो या चेक वंशाच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात रुजवली. दुसऱ्या महायुद्धात छळछावणीत असताना त्यांना स्वतःला क्षयरोग झाला होता. त्यांची मूळ कल्पना साधी होती. एका तिमाहीत नोंदलेल्या रुग्णांची एक तुकडी धरायची. तीच कोहॉर्ट. या तुकडीतील प्रत्येकाचे पुढे काय झाले, हे लिहायचे आणि अखेरीस सर्वांची बेरीज मूळ संख्येइतकी आली पाहिजे. एकही रुग्ण हिशेबातून गळता कामा नये.

भारतातील कार्यक्रमात सर्वसाधारणपणे पाच लाख लोकसंख्येमागे एक क्षयरोग पथक आणि एक लाख लोकसंख्येमागे एक थुंकी तपासणी केंद्र, अशी रचना करण्यात आली. पथकाची क्षयरोग नोंदवही उपचार पर्यवेक्षक ठेवत असे. थुंकीत जंतू आढळलेल्या नव्या रुग्णासाठी सहा खाने होते. उपचार पूर्ण करून, अखेरच्या तपासणीसह किमान दोनदा थुंकी जंतुरहित आढळली तर ‘बरा झाला’. औषधे पूर्ण घेतली, पण अखेरची तपासणी झालीच नाही, तर ‘उपचार पूर्ण’. पाचव्या महिन्यात किंवा त्यानंतरही थुंकीत जंतू दिसले तर ‘निष्फळ’. उपचार चालू असताना कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर ‘मृत’. सलग दोन महिने वा अधिक काळ औषध घेतले नाही तर ‘उपचार सोडला’. आणि दुसऱ्या पथकाकडे गेलेल्या रुग्णाचा निकाल कळलाच नाही तर ‘स्थलांतरित’.

मृत्यूच्या खान्याविषयी अनेकांचा गैरसमज होतो. क्षयरुग्ण अपघातात दगावला, तरी त्याची नोंद ‘मृत’ अशीच होते. मृत्यूचे कारण ठरवण्याची मुभा दिली, तर गैरसोयीचे मृत्यू ‘अन्य कारणाने’ या सदरात जाऊन हिशेबातून निसटतील, म्हणून हा नियम करण्यात आला.

अहवाल पाठवण्याची वेळही ठरलेली होती. जुलै ते सप्टेंबर २००६ मध्ये नोंदलेल्या तुकडीचा निकाल ऑक्टोबर २००७ मध्ये, म्हणजे नोंदणीनंतर सुमारे १३ ते १५ महिन्यांनी सादर होई. सहा महिन्यांच्या उपचारासाठी एवढी प्रतीक्षा कशाला, असा प्रश्न पडू शकतो. दोन महिन्यांनंतरही थुंकीत जंतू दिसल्यास उपचार एक महिन्याने वाढे. मध्ये खंड पडला तर तो भरून काढावा लागे. स्थलांतरित रुग्णाचा निकाल दुसऱ्या जिल्ह्यातून येण्यास वेळ लागे. घाईने हिशेब मिटवला असता तर ‘अद्याप उपचार सुरू’ असा सातवा खाना निर्माण झाला असता आणि नको असलेला प्रत्येक रुग्ण त्यात ढकलता आला असता.

एका पथकाचा हिशेब

ही पद्धत समजून घेण्यासाठी मराठवाड्यातील एका क्षयरोग पथकाचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. पथकाची लोकसंख्या पाच लाख. त्या काळी पश्चिम भारतासाठी कार्यक्रमाने धरलेला अंदाज असा होता की, दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला थुंकीत जंतू असलेले ८० नवे रुग्ण निर्माण होतात. त्यानुसार या पथकात वर्षाला ४०० आणि तिमाहीला १०० रुग्ण अपेक्षित होते. जुलै ते सप्टेंबर २००६ या तिमाहीत नोंदवहीत ७२ जणांची नावे चढली. शोधाचे प्रमाण ७२ टक्के झाले. उद्दिष्ट गाठले गेले.

त्या वेळच्या पद्धतीनुसार प्रत्येक रुग्णाच्या नावे संपूर्ण उपचाराच्या औषधांचा एक खोका बाजूला काढून ठेवला जाई. नव्या रुग्णासाठी त्याचा रंग लाल असे. मध्येच साठा संपून कोणाचा उपचार थांबू नये, हा त्यामागील हेतू. पहिले दोन महिने आठवड्यातून तीन वेळा, म्हणजे एकूण २४ मात्रा, आरोग्यसेवक वा अंगणवाडी सेविकेसमोर घ्यायच्या. पुढील १८ आठवडे आठवड्याची पहिली मात्रा समक्ष घ्यायची, उरलेल्या दोन घरी नेऊन रिकामे पाकीट परत आणून दाखवायचे. रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-तांबूस होत असल्याने, गोळी खरोखरच पोटात गेली की नाही, याची शंका आल्यास तपासण्याचा तोही एक साधा मार्ग होता.

जानेवारी २००७ मध्ये या तुकडीचा पहिला अहवाल गेला. ७२ पैकी ६४ जणांची थुंकी दोन किंवा तीन महिन्यांच्या उपचारानंतर जंतुरहित झाली होती. म्हणजे ८९ टक्के. अपेक्षा ९० टक्क्यांची होती. अंतिम निकालाची वाट न पाहता, काही बिघडत आहे का, हे या आकड्यावरून वेळीच कळते.

ऑक्टोबर २००७ मध्ये अंतिम निकाल लागला. ५८ बरे झाले, दोघांनी उपचार पूर्ण केला, तिघांचा मृत्यू झाला, दोघांचा उपचार निष्फळ ठरला, सहा जणांनी उपचार सोडला आणि एक स्थलांतरित झाला. बेरीज ७२. बरे झालेले आणि उपचार पूर्ण केलेले मिळून ६०. यशाचे प्रमाण ८३ टक्के. उद्दिष्ट थोडक्यात हुकले.

येथे कोहॉर्ट पद्धतीचा खरा उपयोग सुरू होतो. सहा जणांनी उपचार सोडला, या माहितीवर न थांबता पर्यवेक्षकाने त्यांची उपचारपत्रके उघडायची असतात. समजा, दोघांनी पहिल्याच महिन्यात औषध थांबवले असून ते खासगी डॉक्टरांकडे गेले आहेत. उरलेल्या चौघांच्या पत्रकांवर मात्र २४ मात्रांच्या खुणा पूर्ण आहेत आणि त्यानंतरचे रकाने ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कोरे आहेत. हे चौघे ऊसतोड मजूर असून दिवाळीनंतर मुकादमाबरोबर कारखान्याच्या फडावर गेले आहेत. खोकला थांबला होता, उचल घेतलेली होती, मागे थांबणे शक्य नव्हते.

या चौघांना निष्काळजी ठरवून प्रश्न सुटत नाही. पावसाळ्यात नोंदलेल्या तुकडीतील मजूर गळीत हंगामात निघून जाणार, हे नोंदणीच्या दिवशीच ठाऊक असते. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राच्या नावे स्थलांतर पत्र देऊन त्या केंद्राला आगाऊ कळवले असते, तर तेथील निकाल मूळ पथकाकडे परत आला असता आणि मूळ तुकडीतच धरला गेला असता. हे चौघे बरे झाले असते तर ६० च्या जागी ६४, म्हणजे ८९ टक्के यश दिसले असते. बरे झालेल्यांचे वार्षिक एकूण आकडे पाहून ही बाब कधीच उमगली नसती. ती तुकडीनिहाय हिशेबामुळेच दिसते.

हे चौघे हंगाम संपल्यावर परतले आणि त्यांच्या थुंकीत पुन्हा जंतू आढळले, तर नोंदवहीत नव्या तिमाहीखाली ‘खंडानंतर परतलेले’ म्हणून त्यांची नोंद होई. जुलै ते सप्टेंबरच्या तुकडीतील त्यांचा निकाल मात्र बदलत नसे. तेथे ‘उपचार सोडला’ हेच राहत असे.

छेद बदलला की निकाल बदलतो

याच ७२ जणांच्या निकालावरून वेगवेगळ्या टक्केवाऱ्या काढता येतात. उपचार सोडलेले सहा आणि स्थलांतरित एक, असे सात जण ‘उपलब्ध नाहीत’ म्हणून वगळले तर छेद ६५ होतो आणि यश ९२ टक्के दिसते. एकही जास्त रुग्ण बरा न होता नऊ टक्क्यांची वाढ होते.

उलट दिशेने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. क्षयरोग नोंदवही म्हणजे प्रयोगशाळेची नोंदवही नव्हे. समजा, त्याच तिमाहीत पथकातील केंद्रांच्या प्रयोगशाळा नोंदवह्यांत ७८ नव्या रहिवासी रुग्णांच्या थुंकीत जंतू आढळले होते. ७२ जणांचा उपचार सुरू झाला. सहा जण अहवाल नेण्यासाठी आलेच नाहीत किंवा त्यांचा पत्ता सापडला नाही. उपचारच सुरू न झाल्याने ते कोणत्याही तुकडीत नव्हते आणि त्यामुळे त्यांचा निकालही लागत नव्हता. त्यांना धरले तर ६० भागिले ७८, म्हणजे ७७ टक्के.

आणखी मागे जाऊन अपेक्षित १०० रुग्णांचा छेद घेतला, तर यश ६० टक्क्यांवर येते. शोध ७२ टक्के आणि यश ८३ टक्के, हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे समाधानकारक वाटतात. त्यांचा गुणाकार केल्यावर, दर शंभरांतील चाळीस रुग्णांच्या बरे होण्याची कोणतीही नोंद नाही, हे लक्षात येते. उपचार न मिळालेला, थुंकीत जंतू असलेला एक रुग्ण वर्षभरात १० ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या चाळीसांचे महत्त्व कळते. अर्थात, १०० हा छेद स्वतःच अंदाज आहे. तो चुकीचा असेल तर शोधाचे प्रमाणही चुकते. काही जिल्ह्यांत शोधाचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर जाते, ते यामुळेही.

नोंदींतील खोट कशी ओळखतात?

उद्दिष्टाचा दबाव असला की आकडे ‘सुधारण्याचा’ मोह होतो. म्हणून तपासणीस आलेला अधिकारी केवळ अहवाल वाचत नाही. तो दोन नोंदवह्या शेजारी ठेवतो. प्रयोगशाळेच्या नोंदवहीतील जंतू आढळलेले प्रत्येक नाव क्षयरोग नोंदवहीत आहे का, हे प्रथम पाहतो. मग उलट तपासतो. ‘बरा झाला’ असे लिहिलेल्या रुग्णाच्या अखेरच्या थुंकी तपासणीचा क्रमांक त्या तारखेला प्रयोगशाळेच्या नोंदवहीत सापडला पाहिजे. तो नसेल तर तो रुग्ण फार तर ‘उपचार पूर्ण’ या खान्यात बसतो.

उपचारपत्रकही बोलके असते. सर्व मात्रांच्या खुणा एकाच शाईने, एकाच हाताने, सुट्टीच्या दिवशीही न चुकता केलेल्या दिसल्या तर संशय येतो. खोक्यात उरलेली पाकिटे मोजून पत्रकावरील खुणांशी ताडून पाहता येतात. एखाद्या पथकात अनेक तिमाही एकही मृत्यू नाही आणि कोणीही उपचार सोडलेला नाही, असा अहवाल आला तर तो उत्तम कामाचा पुरावा मानण्याआधी रुग्णांच्या घरी जाऊन खात्री करावी लागते. शोधाच्या बाजूनेही असा निकष होता. चांगल्या केंद्रात तपासलेल्या दर दहा संशयितांमागे साधारण एकाच्या थुंकीत जंतू सापडत. प्रमाण फार कमी असेल तर तंत्रज्ञ घाईत काचपट्ट्या पाहतो किंवा साधा खोकला असलेल्यांनाही तपासणीस पाठवले जाते. फार जास्त असेल तर केवळ गंभीर रुग्णच केंद्रापर्यंत पोहोचत आहेत. तंत्रज्ञाने पाहिलेल्या काचपट्ट्यांपैकी काही, मूळ निकाल न सांगता, दुसऱ्याकडून पुन्हा पाहून घेण्याची पद्धत याचसाठी होती.

तुकडीबाहेरचे रुग्ण

कोहॉर्ट पद्धतीला मर्यादाही आहेत. उपचार संपला की हिशेब संपतो. त्यानंतर आजार उलटला तर तो जुन्या तुकडीत दिसत नाही. आणि नोंदणीपूर्वी गळालेले रुग्ण तिच्या आवाक्यातच येत नाहीत. भारतातील सरकारी यंत्रणेच्या २०१३ सालच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१६ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार सुमारे २७ लाख रुग्णांपैकी ७२ टक्के तपासणीपर्यंत पोहोचले, ६० टक्क्यांचे निदान झाले, ५३ टक्क्यांची उपचारासाठी नोंद झाली, ४५ टक्क्यांनी उपचार पूर्ण केला आणि ३९ टक्के त्यानंतर वर्षभर आजार न उलटता जगले. यातील ५३ पैकी ४५ हे गुणोत्तर काढले तर ते ८५ टक्के येते. म्हणजे कार्यक्रमाचे उद्दिष्ट गाठले गेले होते आणि तरीही निम्म्याहून अधिक रुग्णांचा उपचार पूर्ण झालेला नव्हता.

केंद्र सरकारने २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही हीच गळती सुरुवातीच्या टप्प्यावर दिसली. क्षयरोगाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कोठेही गेले नव्हते.

बदललेले नियम

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये निष्पत्तीच्या व्याख्या बदलल्या. ‘उपचार सोडला’ या शब्दप्रयोगात रुग्णावर ठपका येत असल्याने त्याऐवजी ‘संपर्कातून सुटलेला’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली गेली. सलग दोन महिन्यांच्या खंडाचा निकष कायम राहिला. पण निदान होऊनही ज्यांचा उपचार सुरूच झाला नाही, त्यांचाही या खान्यात समावेश झाला. वरील उदाहरणातील प्रयोगशाळेच्या नोंदवहीत अडकलेले सहा जण या नियमाने हिशेबात येतात. स्थलांतरित आणि निकाल अज्ञात असलेल्यांसाठी ‘मूल्यमापन झाले नाही’ हा खाना करण्यात आला. तोही छेदातून वगळता येत नाही.

भारतात २०१२ मध्ये प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती शासनाला कळवणे खासगी डॉक्टरांसह सर्वांना बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. २०१७ मध्ये आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत मागे पडून वजनानुसार रोजच्या एकत्रित गोळ्या आल्या. जानेवारी २०२० पासून कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रम असे आहे. लाल खोके आणि कागदी नोंदवह्यांची जागा संगणकाने घेतली, रुग्णाला क्रमांक मिळाला आणि त्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यातील केंद्राकडे वर्ग करणे सोपे झाले. फडावर गेलेल्या मजुराची नोंद त्याच्यामागे जाऊ शकते. मात्र तो कोणत्या तारखेला, कोणत्या कारखान्यावर निघाला, हे त्याला विचारून लिहून घेण्याचे काम आजही पर्यवेक्षकालाच करावे लागते.